बोटांवर एक ते दहा: गाणं, कृती आणि मुलं अडखळतात त्या जागा

प्रश्न: माझा मुलगा सव्वादोन वर्षांचा आहे. एक ते दहा न चुकता म्हणतो, पण बोटांवर मोजायला सांगितलं की सगळा गोंधळ. कधी दहाच्या आधीच बोटं संपतात, कधी नुसताच हात हलवतो. मोबाईलवरची गाणी फार भरभर जातात. त्याला जमेल असं बोटांच्या कृतीचं एखादं मराठी गाणं आणि ते कसं घ्यायचं, हे सांगाल का?

उत्तर:

गाणं आधी देते. बालवाडीत मुलांना घेऊन बसताना जिथे जिथे ती अडखळताना दिसली, तिथे तिथे शब्द बदलत हे तयार झालंय. त्यामुळे ओळी गमतीच्या वाटल्या तरी कुठलीच ओळ उगाच आलेली नाही.

एक… अंगठोबाला हवाय केक.
दोन… त्याच्या शेजारी उभं कोण?
तीन… मधलं लंबू वाजवतं बीन.
चार… करंगळीला झोप आली फार.
पाच… करंगळी उठली, नाच गं नाच!

सहा… इकडचा अंगठा आला पहा.
सात… उघडू लागला इकडचा हात.
आठ… मधलं बोट उभं ताठ.
नऊ… करंगळीची गादी मऊ.
दहा… करंगळी उठली, मागते चहा!

मुलाला मांडीवर पाठमोरं घ्या, म्हणजे त्याची पाठ तुमच्या छातीला टेकेल आणि दोघांचे हात एकाच दिशेने असतील. समोर बसून दाखवलं की त्याला सगळं उलटं दिसतं. तुमचा उजवा हात त्याच्या डाव्या बाजूला येतो, आणि या वयात तो हिशेब मनातल्या मनात फिरवता येत नाही. मोबाईलवरच्या गाण्यात वेगाइतकीच हीसुद्धा अडचण असते. पडद्यावरचा हात समोरून दिसतो, आणि आपलं कुठलं बोट चुकलं हे मुलाला कोणी हात लावून सांगत नाही.

सुरुवातीला एका हाताची मूठ, अंगठा मुठीच्या वर. आत दडवलेला अंगठा बाहेर काढताना बाकीची बोटंही सुटतात. आता ‘एक’ म्हणताना अंगठा उभा करायचा. पुढचं ‘अंगठोबाला हवाय केक’ म्हणत असताना काहीही हलवायचं नाही, फक्त त्या अंगठ्याकडे बघायचं. मग ‘दोन’, आणि अंगठ्याशेजारचं बोट वर. बोट हलतं ते फक्त आकड्याच्या शब्दावर, ओळीच्या उरलेल्या भागात हात थांबलेला असतो. सगळ्या गाण्यात एवढा एकच नियम पाळायचा आहे. एका ओळीला तीन-चार सेकंद सहज जाऊ द्या. मोठ्यांना ते फार संथ वाटतं, मुलाला नाही.

अंगठ्यापासून सुरुवात का, असं घरातली मोठी माणसं नक्की विचारतील. आपल्याकडे मोजणी करंगळीपासून होते. बोटांची नावंसुद्धा आजी त्याच क्रमाने सांगते: करंगळी, मरंगळी, मधलं बोट, चाफेकळी, अंगठा. मोठ्यांना ते जमतं, कारण ती बोट उभं करत नाहीत, अंगठ्याने बोटाला नुसता स्पर्श करत जातात. दोन वर्षांच्या मुलाला मात्र उभी राहिलेली बोटं डोळ्यांना दिसावी लागतात, आणि मुठीतून एकटी करंगळी उभी करणं त्याला जवळजवळ अशक्य असतं, शेजारची मरंगळी ओढली जातेच.

याचं कारण हाताच्या रचनेतच आहे. मधलं बोट, मरंगळी आणि करंगळी यांना वर उचलणारे स्नायुबंध तळहाताच्या मागच्या बाजूला एकमेकांशी जोडलेले असतात. खात्री करायची तर हात टेबलावर पालथा ठेवा, मधलं बोट दुमडून तळव्याखाली घ्या आणि बाकीची बोटं एकेक करून उचलून बघा. अंगठा, चाफेकळी, करंगळी उचलली जातील, मरंगळी हलणार नाही. तुम्हाला इतक्या वर्षांनी जे जमत नाही, ते मुलाकडून करून घेण्यात अर्थ नाही. अंगठ्यापासून सुरुवात केली तर पहिली तीन बोटं फारशी कटकट न करता उभी राहतात, आणि मरंगळीची पाळी येईपर्यंत मधलं बोट वर असल्याने तीही उठते.

आजी पेरं मोजत असेल तर तेवढं मुलासमोर काही दिवस नको. पेरांच्या हिशेबात एका बोटावर तीन आकडे बसतात आणि आपण त्याला एका बोटाला एक आकडा शिकवतो आहोत. हे दोन्ही एकदम आलं तर त्याने कुठलं खरं मानायचं?

आता चारची ओळ. अंगठ्यापासून मोजताना मुलं हमखास इथेच फसतात. मरंगळी वर गेली की करंगळी तिच्याबरोबर वर जाते, आणि मुलगा तोंडाने ‘चार’ म्हणत पाच बोटं दाखवतो. मग पाचला उघडायला बोटच उरत नाही. तेव्हा तो एक तर हात हलवतो, नाहीतर मूठ मिटून पहिल्यापासून सुरू करतो. तुमचा मुलगा ‘नुसताच हात हलवतो’ म्हणता, ते बहुधा इथूनच सुरू होत असावं, एकदा लक्ष ठेवून बघा. म्हणून चारला करंगळीला झोप आणली आहे. ‘चार’ म्हणण्याच्या जरासं आधी त्याच्या रिकाम्या हाताने करंगळी अलगद झाकून धरायला सांगायचं. सुरुवातीला तुम्हीच तुमच्या बोटाने दाबून धरा. झोपलेल्या करंगळीला उठवायचं नाही, हे मुलांना लगेच पटतं, काही जण ‘शूऽऽ’सुद्धा करतात. ती ओळ म्हणताना आवाज खाली आणा. पाचला हात सोडला की करंगळी आपसूक उसळते, आणि मग पाचही बोटं नाचवायची.

नाचून झालं की हात तसाच उघडा ठेवून विचारायचं, ‘किती बोटं?’ तो ‘पाच’ म्हणाला तर उत्तम. काहीच बोलला नाही तर तुम्हीच हळू म्हणा, ‘पाच.’ परत एक-दोन-तीन करायला लावू नका. सुरुवातीला बरीच मुलं ‘किती?’ हा शब्द पुन्हा मोजण्याचा हुकूम समजतात आणि लगेच ‘एक, दोन…’ सुरू करतात. ती करू लागली तर करू द्यावं, आणि शेवटी आपण उघडा हात दाखवून ‘पाच’ म्हणून थांबावं.

पहिलं कडवं नीट बसल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नका. बसलं हे कसं ओळखायचं? तुम्ही ‘चार’च्या आधी क्षणभर थांबलात आणि त्याने स्वतःहून करंगळी धरली, की बसलं. यात आठवडे जातात, काही मुलांचे महिने जातात.

दुसऱ्या कडव्यातली पहिली अडचण हात बदलण्याची असते. लहान मुलांचा एक हात जे करतो, तेच दुसरा नकळत करायला बघतो. इकडचा अंगठा उघडताना तिकडची बोटं मिटतात, किंवा इकडचीही सगळी एकदम उघडतात. म्हणून पाचवर नाच झाल्यावर तो पहिला हात त्याच्याच मांडीवर पसरून ठेवायचा आणि त्यावर तुमचा तळहात अलगद टेकवायचा. मग सावकाश दुसरी मूठ. या बदलाला वेळ द्या, घाईने ‘सहा’ म्हणू नका. आणि पहिला हात उघडाच राहू द्यायचा, कारण दहाच्या वेळी सगळी बोटं एकदम दिसायला हवीत. ‘दुसरा अंगठा’ असं म्हणायची सवय असेल तर गाण्यापुरती ती टाळा. ‘सहा’च्या शेपटीत ‘दुसरा’ आलं की काही मुलं तिथून ‘तीन’ म्हणत सुटतात. ‘इकडचा’ त्यासाठीच घातलंय. नऊला करंगळी पुन्हा झोपते, पण या वेळी ती तुम्ही धरायची, कारण त्याचा मोकळा हात मांडीवर आहे.

दुसरी अडचण कानाची, आणि दहाच्या आधीच बोटं का संपतात याचं उत्तर बहुतेक वेळा तिच्यात असतं. एक, दोन, तीन, चार, पाच हे शब्द एका झटक्यात तोंडातून निघतात. सहा, नऊ आणि दहा दोन झटक्यांत निघतात: स-हा, न-ऊ, द-हा. पाचपर्यंत मुलाला एका झटक्याला एक बोट ही चाल जमलेली असते, तीच तो पुढे चालवतो.

आमच्या वर्गातली पावणेतीन वर्षांची एक मुलगी याचं अगदी स्वच्छ उदाहरण होती. पाचपर्यंत बिनचूक, पुढे नेहमी तेच. ‘स’ला अंगठा, ‘हा’ला चाफेकळी, ‘सात’ला मधलं बोट, ‘आठ’ला मरंगळी, ‘न’ला करंगळी. ‘ऊ’ आणि ‘दहा’ला बोटच नाही. मग ती दोन्ही हात बघायची आणि हसून टाळी वाजवायची. तिची आई समजत होती की तिला आकडे येत नाहीत. आकड्यांचा क्रम तिला पाठ होता, फक्त शब्द कुठे संपतो आणि पुढचा कुठे सुरू होतो हे बोटांना कळत नव्हतं.

तिच्याबरोबर आम्ही एवढंच केलं. ‘सहा’ला तिचा अंगठा उभा झाला की मी तो माझ्या चिमटीत धरायचे, आणि ‘आला पहा’ म्हणून होईपर्यंत सोडायचे नाही. शब्दाचा जोर ‘हा’वर द्यायचा आणि ‘स’ अगदी पुसट म्हणायचा. नऊला तेच, दहाला तेच. मधल्या सात-आठला अंगठ्याइतकं धरून ठेवावं लागलं नाही. काही आठवड्यांत तिला धरण्याची गरज उरली नाही, ती स्वतःच सहावर अंमळ थांबायला लागली. घरी ती फ्रीजवरची चुंबकं मोजते तेव्हाही आता सहाला एकच चुंबक हलवते, असं आईने सांगितलं.

याच्या उलट प्रकारही होतो. ‘सात-आठ’ घाईने ‘साताठ’ होतं आणि दोघांना मिळून एक बोट उघडतं. मग दहा म्हणून झालं तरी एक बोट मिटलेलंच राहतं. त्यामुळे दहाला हात बघितले की कुठे चुकलं ते कळतं. बोटं आधीच संपली तर सहा किंवा नऊ फुटलेला असतो. बोट शिल्लक राहिलं तर बहुधा सात-आठ चिकटलेले असतात, म्हणून तिथे ‘उघडू लागला इकडचा हात’ ही ओळ मुद्दाम लांबट ठेवली आहे. दोन आकड्यांच्या मध्ये एवढे शब्द आले की ते चिकटत नाहीत.

गाणं दोन-चार दिवस कानावरून गेलं की शेवटचा शब्द गाळायला सुरुवात करा. ‘अंगठोबाला हवाय…’ म्हणून थांबा आणि तोंडाकडे बघा. ‘केक’ येईल. ‘मागते…’ ला ‘चहा’ तर ओरडूनच येतो. केक, फार, मऊ, चहा हे शब्द त्याने पुरवले की आकडा त्याला आधीच आठवायला लागतो, कारण यमक त्याला तिकडे नेतं. ‘गादी मऊ’ म्हणणारं मूल नऊ गाळत नाही. गाणं दिवसातून एक-दोनदा, पाऊण मिनिट ते मिनिटभर, बस्स. आंघोळीनंतर अंग पुसताना चांगलं जमतं. जेवताना नको, हात बरबटलेले असतात आणि तो बोटं चाटण्यात गुंततो.

आता तुम्ही न विचारलेली, पण मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट. गाणं बोटांसकट बिनचूक जमलं तरी त्याला दहा समजले असं धरू नका. केरन विन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९० मध्ये दोन-तीन वर्षांच्या मुलांचा असा अभ्यास प्रसिद्ध केला होता. मुलांपुढे खेळण्यांचा ढीग ठेवून त्यातली अमुक इतकी मागायची. तोंडाने पुढचे आकडे म्हणणारी मुलंसुद्धा एक मागितलं तर एक देत, तीन मागितले तर मूठभर देत. पुढच्या कामातून दिसलं की मुलं आधी फक्त ‘एक’चा अर्थ शिकतात, मग काही महिन्यांनी ‘दोन’चा, मग ‘तीन’चा. त्यानंतर केव्हातरी, साधारण साडेतीन-चार वर्षांच्या आसपास, मोजताना शेवटी येणारा आकडा म्हणजे एकूण किती, हे त्यांना उमगतं. ‘किती बोटं?’ला ‘पाच’ असं उत्तर देणारं मूलसुद्धा कधीकधी एवढंच शिकलेलं असतं की या प्रश्नाला शेवटचा शब्द परत म्हणायचा असतो.

घरी हे तपासणं सोपं आहे. ताटलीत सात-आठ बिस्किटं ठेवा आणि म्हणा, ‘मला एक दे.’ मग ‘दोन दे.’ मग ‘तीन दे.’ तो मोजू लागला तर मोजू द्या, चुकलं तर सुधारू नका, फक्त किती दिली ते बघा. सव्वादोन वर्षांचा मुलगा एक मागितल्यावर एकच देत असेल आणि दोनला मूठ भरून देत असेल, तर ते वयाला धरूनच आहे. अशा मुलासाठी दिवसभराचं काम दोनचं आहे, दहाचं नाही. दोन चपला, दोन चमचे, आजीला दोन वाट्या. गाणं चालू राहील, पण गाण्याबाहेर त्याच्याशी एक आणि दोनच बोलायचे. दोन पक्का झाला की तीन. चिंचोके, गजगे, मणी यांनी बालवाडीत मोजतात म्हणून घरीही काढू नका. तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या हाती बी लागलं की ती नाकात किंवा घशात जायला वेळ लागत नाही. वाट्या, बटाटे, चपला याच ठीक.

कुणी ‘किती वर्षांचा?’ विचारल्यावर तो चाफेकळी आणि मधलं बोट अशी दोन दाखवत असेल, आणि गाण्यात अंगठा-चाफेकळी, तर दुरुस्त करू नका. दोन वेगवेगळ्या बोटांनी दोनच होतात, हे त्याला कधीतरी समजायचंच आहे. परदेशात राहणाऱ्या एका आईनेही मला हे विचारलं होतं, त्यांच्या पाळणाघरात मोजणी चाफेकळीपासून होते. तिथे तशी होऊ द्या, घरच्या गाण्यात मात्र रोज एकच क्रम ठेवा.

उलटं मोजण्याची, म्हणजे दहावरून एकेक कमी करत जाणारी गाणी तूर्त बाजूला ठेवा. त्यात उरलेली बोटं बघून आकडा सांगावा लागतो, आणि ते ‘तीन दे’ म्हटल्यावर तीन देणाऱ्या मुलाचं काम आहे. आकडे लिहून दाखवण्याचीही घाई नको.

एक गोष्ट मात्र गाण्याच्या निमित्ताने जरूर बघा. बोटं वेगळी न होणं या वयात स्वाभाविक आहे, पण एक हात कायम आवळलेलाच राहत असेल, किंवा एखादी वस्तू हवी असताना एकाच बाजूचा हात पुढे येत असेल आणि दुसरा कधीच नाही, तर ते बालरोगतज्ज्ञांना दाखवा. तसंच एका बोटाने वस्तू दाखवायला तो अजून लागला नसेल तरी दाखवा. बोट करून दाखवणं साधारण वर्षाच्या आसपास सुरू होतं.

तुमच्या मुलाला क्रम येतोच आहे, त्यामुळे ‘येतं त्याला, आता पुढचं कडवं’ असं वाटत राहील. तरी पहिले काही आठवडे फक्त पाचपर्यंत घ्या आणि चारची करंगळी नीट धरली जाते का तेवढंच बघा. सहा ते दहा तो आपणहून म्हणेलच, तेव्हा तोंडाने म्हणू द्या, बोटं मागू नका.